सामनेवाल्याचा पत्ता

ग्राहक आयोगाकडे करायच्या तक्रार अर्जात मजकूर सुरू होण्याआधीच दोन नावं लिहावी लागतात. वर तक्रारदार, खाली सामनेवाले. तक्रारदाराचं नाव लिहायला काही लागत नाही. सामनेवाल्याच्या जागी मात्र ऑनलाइन खरेदीत पैसे गमावलेल्या अनेकांचं पेन अडतं. ज्या दुकानाला पैसे दिले त्याची वेबसाइट आता उघडत नाही, फोन बंद लागतो, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपापुढे एकच टिक दिसते. मग नोटीस काढायची ती कुणाच्या नावाने?

एरवी या कायद्याने ग्राहकाची बाजू बरीच सोपी केली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याआधी तक्रार सहसा विक्रेत्याचं कार्यालय जिथे असेल किंवा व्यवहार जिथे घडला असेल तिथल्या मंचाकडे करावी लागे. आता ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे ती करता येते. विकत घेतलेल्या वस्तूपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील देण्याची सक्ती नाही. महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगांत तक्रार मराठीत चालते. आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मिळते. एवढं सगळं दिलं, तरी सामनेवाला शोधून देण्याचं काम मात्र कायद्याने तक्रारदाराच्याच गळ्यात ठेवलं आहे. दुकान गायब झालेलं असताना लिहायच्या तक्रारीचं यशापयश बहुतेक इथेच ठरतं.

एक कल्पित पण रोजच्या पाहण्यातलं उदाहरण घेऊ. कराडमधल्या एका बाई घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवून देतात. फेसबुकवर त्यांना ओव्हरलॉक मशीनची जाहिरात दिसली. किंमत १४,८०० रुपये, बाजारापेक्षा दोन-तीन हजारांनी कमी, पण हसण्यावारी न्यावी इतकी कमी नाही. ४ मार्च २०२५ ला त्यांनी वेबसाइटवर ऑर्डर दिली आणि यूपीआयने पूर्ण रक्कम भरली. ईमेलवर पावती आली, तिच्यावर जीएसटी क्रमांक होता आणि सात दिवसांत माल पोचेल असं लिहिलं होतं. बारा तारखेला त्यांनी विचारणा केली, तर ‘ट्रान्सपोर्टचा प्रॉब्लेम आहे, दोन दिवसांत निघेल’ असं उत्तर आलं. वीस तारखेला वेबसाइट बंद झाली.

अशा वेळी पहिलं काम आयोगाकडे जाण्याचं नसतंच. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करायचा, किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. तिथून ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेकडे निरोप जातो आणि रक्कम अजून खात्यात असेल तर ती रोखून धरता येते. सगळा खेळ वेळेचा आहे. पैसे एकदा चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघाले की रोखायला काही उरत नाही. कराडच्या बाईंचे सोळा दिवस वाट पाहण्यात गेले, म्हणून इथून फार आशा नाही. तरीही तक्रार करायचीच, कारण तिचा पोचक्रमांक पुढे आयोगासमोर कागद म्हणून उपयोगी पडतो. पोलिसांकडे गेल्यामुळे आयोगाचं दार बंद होत नाही. ग्राहक कायद्यातले उपाय इतर कायद्यांच्या जोडीला आहेत, असं त्यातलं कलम १०० सांगतं.

पैसे क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने दिले असतील तर आणखी एक रस्ता असतो. माल मिळालाच नाही म्हणून कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘चार्जबॅक’ मागता येतो. तो मान्य झाला तर दुकानाच्या बँकेकडून रक्कम उलट वळवली जाते आणि आयोगाची पायरी चढावीच लागत नाही. याची मुदत कार्ड कंपन्यांच्या नियमांनी बांधलेली असते आणि ती आयोगाच्या दोन वर्षांपेक्षा पुष्कळ कमी असते. ‘आज पाठवतो, उद्या पाठवतो’ या उत्तरांवर विसंबून ती निघून जाते. यूपीआयने दिलेल्या पैशांना असा उलटा रस्ता सहज मिळत नाही. रक्कम ग्राहकाने स्वतः पिन टाकून दिलेली असते, त्यामुळे ‘माझ्या परवानगीशिवाय पैसे गेले’ असं बँकेला सांगता येत नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक अनेकांना माहीत असतो. तिथे मराठीतूनही बोलता येतं. पण ही हेल्पलाइन कंपनीला तक्रार कळवते आणि उत्तर मागते, आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. नावाजलेल्या कंपनीशी वाद असेल तर तिथे प्रश्न पटकन सुटू शकतो. जी कंपनी उत्तरच देत नाही तिच्यापुढे हेल्पलाइनही थांबते.

आता मुद्द्याचा प्रश्न. कराडचं प्रकरण आयोगाचं की पोलिसांचं?

सर्वोच्च न्यायालयाने सिटी युनियन बँक विरुद्ध आर. चंद्रमोहन या २०२३ च्या निकालात हे बरंच स्पष्ट केलं आहे. आयोगापुढचं कामकाज संक्षिप्त स्वरूपाचं असतं. म्हणून जिथे वस्तुस्थितीबद्दलच मोठा वाद आहे किंवा फसवणुकीसारखी फौजदारी कृत्यं तपासायची आहेत, अशा तक्रारी आयोगाने ठरवू नयेत, सेवेतली त्रुटी मात्र ठरवावी. याचा सरळ अर्थ असा की खोट्या नावाने वेबसाइट उभारून दोन आठवड्यांत पसार झालेला चोर आयोगाला शोधता येत नाही. त्याच्याकडे तपास अधिकारी नाहीत. पण खरोखर नोंदणी झालेला व्यापारी पैसे घेऊन माल देत नसेल आणि नंतर दुकान बंद करून बसला असेल, तर ते आयोगाचंच काम आहे. तक्रार लिहिणाऱ्याला म्हणूनच आधी हे पाहावं लागतं की समोर नुसता मुखवटा आहे की खरा माणूस किंवा कंपनी.

हे पाहायला पावतीवरचा जीएसटी क्रमांक सगळ्यांत कामाचा. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो. नमुन्यादाखल असा:

```
24AAAPA1234A1Z5
```

पहिले दोन अंक राज्याचे. २७ म्हणजे महाराष्ट्र, २४ म्हणजे गुजरात. पुढची दहा अक्षरं म्हणजे व्यापाऱ्याचा पॅन. त्या पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण क्रमांकातलं सहावं, बारकाईने पाहायचं. तिथे P असेल तर ती एक व्यक्ती, F असेल तर भागीदारी संस्था, C असेल तर कंपनी. कराडच्या पावतीवर P आहे. म्हणजे चकचकीत इंग्रजी नावाच्या त्या ‘स्टोअर’मागे एकटा मालक आहे. services.gst.gov.in वर हा क्रमांक टाकला की त्याचं कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे लॉगिन न करता दिसतं. धंद्याच्या मुख्य ठिकाणाचा पत्ताही तिथेच मिळतो. C निघालं असतं तर mca.gov.in वर कंपनीचा नोंदणीकृत पत्ता आणि संचालकांची नावं मिळाली असती, शिवाय कंपनी चालू आहे की नोंदवहीतून तिचं नाव काढून टाकलं आहे तेही कळलं असतं.

इथे एक सापळा आहे. गायब होणारी दुकानं कधीकधी दुसऱ्याच कुणाचा जीएसटी क्रमांक उचलून पावतीवर छापतात. त्या क्रमांकाचा खरा मालक कुठेतरी सिमेंट किंवा किराणा विकत बसलेला असतो आणि त्याला या वेबसाइटचा पत्ताही नसतो. म्हणून दुसरा धागा जुळवून पाहायचा, पैसे नेमके कुणाला गेले तो. यूपीआयने रक्कम भरताना आणि नंतर व्यवहाराच्या तपशिलात घेणाऱ्याचं नाव दिसतं. बँकेच्या उताऱ्यात यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक असतो. जीएसटीवरचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव एकच निघालं तर तो सामनेवाला पक्का. दोन नावांचा मेळ बसला नाही, जीएसटीवर धंदा भलताच दिसला, किंवा पैसे एखाद्या तिऱ्हाईत व्यक्तीच्या बचत खात्यात गेलेले निघाले, तर आयोगाकडे घाई करू नये. तिथे पोलिसांची तक्रार लावून धरावी. भलत्याच माणसावर दावा ठोकला तर वर्ष वाया जातं आणि निरपराध माणसाला हेलपाटे पडतात ते वेगळेच.

कराडच्या उताऱ्यात तिसरीच गोष्ट दिसते. पैसे घेणाऱ्याच्या जागी एका पेमेंट कंपनीचं नाव आहे आणि त्यापुढे दुकानाचं. म्हणजे ग्राहक आणि दुकान यांच्या मध्ये एक तिसरी कंपनी होती, जी पैसे गोळा करून दुकानाला देते. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी या कंपन्यांवर बंधनं घातली. गोळा केलेले पैसे त्यांनी बँकेतल्या एस्क्रो खात्यात ठेवायचे आणि ठरलेल्या मुदतीत दुकानदाराला द्यायचे. दुकानदाराला जोडून घेण्यापूर्वी त्याची पूर्वपीठिका तपासायची आणि त्याचा हेतू ग्राहकांना फसवण्याचा नाही याची खात्री करून घ्यायची.

ही मधली कंपनी किती उपयोगी पडू शकते हे २०१६ मध्ये दिसलं होतं. नोएडाच्या रिंगिंग बेल्स या कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची जाहिरात केली आणि सुमारे ३० हजार लोकांनी पहिल्याच दिवशी आगाऊ पैसे भरले. गवगवा झाला, सरकारी चौकशी लागली. लोकांनी भरलेली रक्कम पेमेंट गेटवेकडेच असल्यामुळे ती ग्राहकांना परत करता आली. पैसे थेट कंपनीच्या खात्यात जाऊन खर्च झाले असते तर हे इतकं सरळ झालं नसतं.

म्हणून कराडच्या तक्रारीत सामनेवाले दोन होतात. क्रमांक एक, दुकानाचा मालक. त्याचं नाव लिहून पुढे ‘अमुक नावाने ऑनलाइन व्यवसाय करणारे’ असं लिहायचं, कारण एकट्या मालकाच्या दुकानाला कायद्यात वेगळं अस्तित्व नसतं. क्रमांक दोन, पेमेंट कंपनी. तिच्याकडून पैसे मिळतीलच असं नाही. आपण फक्त मध्यस्थ आहोत असा बचाव ती करणार, आणि आयोग तो मान्यही करू शकतो. पण दुकानदाराचा पॅन, बँक खातं आणि पत्ता यांचे कागद तिच्याकडे आहेत. ग्राहकाने मागितले तर ती गोपनीयतेचं कारण सांगून नकार देऊ शकते. आयोगाला मात्र कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार कलम ३८ ने दिलेले आहेत. तक्रारीच्या शेवटी विनंत्या लिहिताना ‘सामनेवाले क्र. २ यांनी सामनेवाले क्र. १ यांचं नाव, पत्ता व बँक खात्याचा तपशील आयोगासमोर दाखल करावा’ अशी एक ओळ घालायची. एरवी जो पत्ता हाती लागला नसता तो या ओळीने निघू शकतो.

खरेदी मोठ्या बाजारस्थळावरच्या एखाद्या विक्रेत्याकडून झाली असेल तर हे काम आणखी सोपं. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे अशा बाजारस्थळाने प्रत्येक विक्रेत्याचं नाव आणि पत्ता दाखवला पाहिजे. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केली तर वाद सोडवायला लागणारी विक्रेत्याची माहितीही दिली पाहिजे. बाजारस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं आहे. विक्रेता पळाला तरी बाजारस्थळ जागेवरच असतं, म्हणून त्याला सामनेवाला करावंच.

याउलट फेसबुक, स्वतःची बँक, मोबाइल कंपनी अशी सगळी नावं रागाच्या भरात यादीत घालण्याची चूक पुष्कळ जण करतात. ग्राहकाच्या बँकेने त्याने सांगितलं तेच केलेलं असतं. जाहिरात दाखवणाऱ्या समाजमाध्यमाला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण असतं आणि ते मोडून काढणं १४,८०० रुपयांच्या प्रकरणात झेपणारं नसतं. प्रत्येक जादा सामनेवाल्यामागे तक्रारीची एक प्रत, एक नोटीस आणि त्याचं म्हणणं येईपर्यंतच्या तारखा वाढतात.

मग येतो प्रत्यक्ष मजकूर. ‘माझी घोर फसवणूक झाली असून मी मानसिकदृष्ट्या खचून गेले आहे’ या वाक्याने सुरू होणाऱ्या तक्रारी आयोगात ढिगाने येतात. त्यातून आयोगाला काहीच कळत नाही. मजकूर तारखांच्या माळेत ओवायचा आणि प्रत्येक विधानाला कागदाचा आधार द्यायचा. कराडच्या तक्रारीतला मधला परिच्छेद असा होईल:

‘तक्रारदार यांनी दि. ४/३/२०२५ रोजी सामनेवाले क्र. १ यांच्या संकेतस्थळावरून ओव्हरलॉक मशीनची मागणी नोंदवून रु. १४,८००/- यूपीआयद्वारे अदा केले. बँक खात्याचा उतारा कागद क्र. १ व पावती कागद क्र. २ वर आहे. पावतीनुसार दि. ११/३/२०२५ पर्यंत माल देण्याचे सामनेवाले यांनी कबूल केले होते. दि. १२/३/२०२५ च्या संदेशाने त्यांनी विलंब मान्य केला, तो कागद क्र. ३ वर आहे. आजतागायत माल दिलेला नाही व रक्कमही परत केलेली नाही. ही सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा आहे.’

यात ‘विलंब मान्य केला’ हे शब्द फार मोलाचे आहेत. ट्रान्सपोर्टची सबब सांगणारा तो किरकोळ संदेशच ऑर्डर आणि पैसे मिळाल्याचा कबुलीजबाब ठरतो. चॅटचा स्क्रीनशॉट घेताना समोरचा नंबर, तारीख आणि वेळ एकाच चित्रात यायला हवी आणि फोनमधलं मूळ संभाषण पुसायचं नाही. वेबसाइट अजून उघडत असेल तर उत्पादनाचं पान, ‘संपर्क’ आणि ‘परतावा धोरण’ ही पानं वरच्या पत्त्याच्या ओळीसकट जपून ठेवायची. कराडच्या बाईंनी ते केलं नव्हतं, तरी पावती, उतारा आणि तो संदेश एवढ्यावर तक्रार उभी राहते.

आणखी एक वाक्य या तक्रारीत विसरून चालणार नाही. धंद्यासाठी वस्तू घेणारा कायद्याने ‘ग्राहक’ नसतो. शिवणकामाची मशीन म्हटल्यावर हा आक्षेप हमखास येणार. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू या अपवादातून वगळली आहे. म्हणून ‘सदर मशीन तक्रारदार यांनी स्वतः शिवणकाम करून उदरनिर्वाह चालवण्यासाठी घेतली’ असं पहिल्याच परिच्छेदात लिहायचं.

विनंत्या मोजक्या असाव्यात. रक्कम परत, ती दिलेल्या तारखेपासून व्याजासह. त्रासापोटी भरपाई. तक्रारीचा खर्च. आणि वर सांगितलेली, पत्ता हजर करण्याची ओळ. २०१९ च्या कायद्यात आयोगाची पायरी दिलेल्या रकमेवरून ठरते. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. त्यामुळे भरपाई पाच लाख मागितली म्हणून प्रकरण मोठं होत नाही. १४,८०० च्या मशीनसाठी एवढी मागणी केली तर ती सिद्ध करायचं ओझं मात्र अंगावर येतं.

तक्रार दाखल करण्याआधी नोटीस पाठवण्याची सक्ती कायद्यात नाही, पण गायब दुकानाच्या बाबतीत ती जरूर पाठवावी. जीएसटीवरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने आणि पावतीवरच्या ईमेलवर, पंधरा दिवसांची मुदत देऊन. त्यामागचा खरा उद्देश पत्ता तपासून घेण्याचा आहे. पाकीट परत आलं तर त्याच्यावर पोस्टमनने काय शेरा मारला ते वाचायचं. ‘घेण्यास नकार’ असेल तर काम फत्ते, कारण माणूस तिथेच आहे आणि नाकारलेली नोटीस बजावली गेल्याचं मानलं जातं. ‘जागा सोडून गेले’ किंवा ‘पत्ता अपूर्ण’ असेल तर आयोगाची नोटीसही अशीच परत येणार हे आधीच कळतं आणि दुसरा पत्ता शोधायला वेळ मिळतो. परत आलेलं पाकीट फोडायचं नाही, शेऱ्यासकट तसंच जोडायचं.

यानंतरचा भाग यांत्रिक आहे. e-jagriti.gov.in या संकेतस्थळावर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करायची, घटनाक्रम, तक्रार, शपथपत्र आणि कागदपत्रं पीडीएफ करून चढवायची. छाननीत त्रुटी निघाल्या तर त्या दुरुस्त करून द्यायच्या. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे सर्वसाधारणपणे २१ दिवसांत ठरावं आणि तक्रारदाराचं ऐकल्याशिवाय ती फेटाळू नये, असं कायदा सांगतो. दाखल झाली की सामनेवाल्यांना नोटीस जाते. म्हणणं मांडायला त्यांना ३० दिवस, आणि फार तर आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ही ४५ दिवसांची मर्यादा पक्की केली. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही. नोटीस बजावूनही कुणी आलं नाही तर प्रकरण एकतर्फा चालतं. गायब दुकानांच्या बहुतेक तक्रारींचा शेवट असाच होतो. पण एकतर्फा म्हणजे आपोआप निकाल नव्हे. पुराव्याचं शपथपत्र द्यावंच लागतं आणि ते दिलं नाही म्हणून समोर कुणी नसतानाही तक्रार फेटाळली जाऊ शकते.

नोटीस बजावलीच गेली नाही तर प्रकरण खरं अडकतं. तारखांमागून तारखा पडतात, रोजनाम्यात ‘सामनेवाले क्र. १ यांचा योग्य पत्ता द्यावा’ असं लिहिलं जातं. अशा वेळी तक्रारदाराने स्वस्थ न बसता तीन अर्ज करायचे असतात. ईमेलवर नोटीस बजावण्याची परवानगी, पेमेंट कंपनीकडून पत्ता मागवण्याचा आदेश, आणि हे दोन्ही फसले तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देण्याची परवानगी. जाहीर नोटिशीचा खर्च तक्रारदाराच्या खिशातून जातो. छोट्या रकमेच्या तक्रारी बऱ्याचदा इथे सोडून दिल्या जातात. त्याच दुकानाने फसवलेले आणखी लोक सापडले तर कलम ३५ खाली आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते आणि हा खर्च वाटला जातो.

कायद्यात तक्रार तीन महिन्यांत निकाली काढण्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ती क्वचितच पुरी होते. निकाल बाजूने लागला तरी पैसे आपणहून येत नाहीत. त्यासाठी त्याच आयोगाकडे दरखास्त करावी लागते. कलम ७१ खाली आदेशाची वसुली दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी होते, म्हणजे खातं किंवा मालमत्ता जप्त करता येते. पेमेंट कंपनीकडून मागवलेला बँक खात्याचा क्रमांक इथे पुन्हा उपयोगी पडतो. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला किमान एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्याचा ठावठिकाणा आहे असा मालक या दुसऱ्या कलमाखाली समन्स निघालं की बहुधा तडजोडीला येतो. ज्याचं खातं रिकामं आहे आणि जो सापडतच नाही, त्याच्याविरुद्धचा आदेश कपाटातच राहतो.

म्हणून तक्रार लिहायला बसण्याआधी हिशेब मांडावा. दुकानामागचं खरं नाव दोन ठिकाणी जुळतंय का? पत्त्यावर माणूस आहे का? मध्ये पेमेंट कंपनी किंवा बाजारस्थळ आहे का? तिन्हींपैकी दोन उत्तरं होकारार्थी असतील तर शुल्क नसलेली ही तक्रार करणं नक्कीच फायद्याचं आहे. तिन्ही नकारार्थी असतील तर १९३० चा पोचक्रमांक घेऊन पोलिस ठाण्यात पाठपुरावा करावा. कराडच्या बाईंच्या बाबतीत नाव जुळलं आणि पेमेंट कंपनीही आहे, म्हणून त्यांनी साताऱ्याच्या जिल्हा आयोगाकडे जावं. माल द्यायची कबूल तारीख ११ मार्च २०२५ होती, म्हणजे त्यांच्या हातात मार्च २०२७ पर्यंतचा वेळ आहे. पेमेंट कंपनीला पत्ता विचारणारं पत्र मात्र त्यांनी या आठवड्यातच पाठवावं.